कन्यादानाच्या फोटोतल्या बांगड्या

फोटोत माझ्या हातात बांगड्या होत्या. हिरव्या, काचेच्या, मधूनमधून सोन्याच्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र.

यांना जाऊन नऊ वर्षं झाली. श्वेताच्या लग्नात मी कुंकू लावलं नव्हतं आणि बांगड्याही भरल्या नव्हत्या. डाव्या मनगटावर यांचं स्टीलचं घड्याळ होतं, पट्टा सैल, हात खाली केला की अंगठ्यापर्यंत घसरणारं. असल्याच हातांनी मी माझ्या मुलीचं कन्यादान केलं होतं, एकटीनं.

ते सहजासहजी झालं नव्हतं. लग्नाच्या आठ दिवस आधी माझे दीर आनंदराव घरी आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "वहिनी, कन्यादान मी न् शोभा करून देतो. तुम्ही समोर बसा खुर्चीवर. रिकाम्या हातानं कोणी करते का हे काम?" श्वेता रडकुंडीला आली. "आई, तू बांगड्या घाल, म्हणजे कोणी बोलणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, "घालणार नाही. एरवी कदाचित घातल्याही असत्या. पण आता रिकाम्या हातांनीच करीन." भटजी भले होते, त्यांनी एका शब्दानंही अडवलं नाही. मी पाण्याची धार सोडली, आणि हॉलमधली कुजबुज मला पाठीवर ऐकू आली.

त्या क्षणाचा फोटो मला हवा होता. बाकी अल्बम कसाही होवो.

अल्बमचा नमुना फोटोग्राफर धर्मेंद्रनं मला आणि श्वेताला मोबाइलवर पाठवला आणि मी तो उघडायच्या आत श्वेतानं घरच्या ग्रुपवर टाकला. मी पाहीपर्यंत आनंदरावांचा निरोप आला होता : "आता कसं बरोबर दिसून राहिलं, वहिनी!" खाली जोडलेल्या हातांचं चित्र.

छत्तीस वर्षं मी कळमेश्वरच्या शाळेत पोरं शिकवली. पाढा चुकला म्हणून कुणावर हात उगारला नाही, आवाजही फारसा चढवला नाही. त्या दिवशी मात्र माझे कान गरम झाले. सकाळच्या पहिल्या बसनं मी नागपूरला निघाले.

धर्मेंद्रचा स्टुडिओ महालात आहे. हा चौथीत माझ्याच वर्गात होता. मला पाहून उठला.

"या ना बाई! आवडला का अल्बम? भूमिका, चहा सांग वं."

"चहा राहू दे. कन्यादानाचं पान काढ."

भूमिका ही त्याच्याकडे अल्बम जुळवणारी मुलगी. तिनं संगणकावर पान उघडलं. मोबाइलवर जे हाताएवढं होतं ते आता ताटाएवढं झालं.

"धर्मेंद्र, वर्गात मी चित्र लावायची आणि विचारायची, यात काय चुकलं ते शोधा. आठवते का?"

"आठवते ना बाई." तो हसला.

"मग शोध."

तो हसायचा थांबला. भूमिकेनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"बाई, फोटो तर मस्त—"

"तुला नाही सापडत? मी सांगते. श्वेताचा पदर डाव्या खांद्यावर आहे. मग उजव्या खांद्यावरून हे दुसरं टोक कुठलं आलं? या शालूला दोन पदर आहेत का? काठ बघ. कमरेपर्यंत जरीचा आहे आणि निऱ्यांत शिरला की नाहीसा होतो. हार बघ. जावयाच्या गळ्यातला हार पुढे येऊन श्वेताच्या हारात मिसळला. दोघांना मिळून एकच हार. त्यातही वरची फुलं गुलाब, खालची झेंडू, आणि मधलं फूल अर्धं हे अर्धं ते. असं फूल पाहिलं कुठं? फेट्याला तुरा दोन्ही बाजूंनी. श्वेताच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या, मी स्वतः बांधल्या. इथे बिंदीची साखळी लटकते आहे. हा फोटो तू काढला नाहीस. कुठून आणला?"

धर्मेंद्रनं खुर्ची मागे सरकवली. गल्लीत एक ऑटो हॉर्न वाजवत अडकला होता.

"कार्ड खराब झालं, बाई. दोन कॅमेरे होते. कन्यादान न् सप्तपदी ज्या कार्डात होती तेच बसलं. मी लई घाबरलो. मंग बाकीच्या फोटोंतले चेहरे देऊन सहा फोटो एआयवर बनवले. आजकाल सगळेच करून राहिले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाले दुःख झालं असतं."

"आता काय झालं आहे?"

त्यानं मान खाली घातली. मग लगेच वर काढली, चुकीचं उत्तर बरोबर ठरवायला निघालेल्या पोरासारखी. "बाई, मशीनची गलती आहे. त्याले आपलं लग्न समजतच नाही. पहिल्यांदा तर श्वेताच्या हातात लाल चुडा दिला होता, पंजाबी लोकांवाणी. फेटा तर राजस्थानी पगडी होती, नुसती टोपीवाणी बसवलेली. मी न् भूमिकानं दोन दिवस बसून सगळं ठीक केलं. चुडा हिरवा केला, फेट्याचा रंग बदलला. अक्षता टाकल्या."



"चुडा हिरवा केला," मी म्हटलं.

"हो ना. लाल कसा चालन?"

"म्हणजे श्वेताच्या मनगटावर काय चुकलं ते तुला दिसलं. तिच्या शेजारी, एका बोटावर, माझं मनगट आहे. ते नाही दिसलं?"

तो पडद्याजवळ वाकला.

"ते दिसलं, धर्मेंद्र. तुला ते चूक वाटलंच नाही."

"बाई, तुम्ही चांगल्या दिसत होत्या," तो अगदी हळू म्हणाला. "मले वाटलं... शुभ दिसते. राहू द्यावं."

एवढा राग मला मशीनचा आला नव्हता. मशीन कळमेश्वरला आलं नव्हतं, त्यानं मला पाहिलं नव्हतं. हा मांडवात होता. मी पाणी सोडताना तीन हातांवर कॅमेरा धरून उभा होता. त्यानं पाहिलं, आणि नंतर मशीननं दिलेलंच बरं म्हणून ठेवलं. आनंदराव घरी येऊन चहा पिऊन जे बोलले, तेच यानं काही न बोलता केलं.

"मोठं कर," मी भूमिकेला म्हटलं. "माझा डावा हात."

तिनं मोठा केला. बांगड्या मोजायला गेलं तर मोजता येत नव्हत्या. वरून सात दिसत, खालून पाच. दोन एकमेकींत विरघळल्या होत्या, एक कातडीतच शिरली होती. आणि मधल्या सोन्याच्या बांगडीला एक पांढरा गोल चकचकीत डाग होता.

"हे काय?"

भूमिकेनं डोळे बारीक केले. "मावशी, हे घड्याळ असन. आम्ही तुमचा दुसरा फोटो दिला होता ना, त्यात घड्याळ होतं. त्यानं घड्याळाची बांगडी केली."

यांचं घड्याळ. ते आजही मनगटावर होतं; मी पदर सारून तिच्यासमोर हात धरला. तिनं बघितलं, मग पडद्यावर बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मी दुरुस्त करतो ना बाई, पाच मिनिटं," धर्मेंद्र म्हणाला. "भूमिका, लिही, बांगड्या नको."

तिनं मनगटाभोवती गोल काढला, इंग्रजीत लिहिलं. थोड्या वेळात नवा हात आला. बांगड्या होत्या, वरून मेंदीही आली होती. पुन्हा लिहिलं. या वेळी बांगड्या लाल. तिसऱ्यांदा हात मोकळा आला, पण तो विशीतल्या मुलीचा होता, नखांना रंग लावलेला.

"असं काहून करते?" धर्मेंद्र वैतागला.

"सर, 'बांगड्या नको' लिहिलं की बरेचदा तो 'बांगड्या'च पकडते," भूमिका म्हणाली. "न् त्यानं लग्नाचे जेवढे फोटो पाहिले, त्यात नवरीची आई म्हटली की हातात बांगड्या, कपाळावर कुंकू. मावशींसारख्या आई कमी असतीन त्यात. म्हणून जागा रिकामी दिसली की तो भरून टाकते."

"बस झालं," मी म्हटलं. "माझा हात बनवू नका. तो बनलेला आहे. कार्ड कुठे आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते खराब आहे, बाई."

"कुठे आहे?"

भूमिकाच बोलली. "ड्रॉवरमध्ये आहे, मावशी. सरांनी सीताबर्डीवर रिकव्हरीले दिलं होतं. थोडं निघालं होतं."

"भूमिका!" धर्मेंद्र ओरडला.

"काय निघालं?"

"पण ते तुटकं आहे, बाई! अर्धे फोटो. अल्बममध्ये लावायसारखे नाहीत."

"दाखव."

तिनं एक फोल्डर उघडला. बरेचसे नुसते राखाडी चौकोन. ती खाली खाली जात राहिली. मग एक थांबला. वरचा भाग ठीक होता : भटजींचा खांदा, श्वेताच्या मुंडावळ्या, जावयाचा फेटा थोडा कानावर कललेला, माझं मोकळं कपाळ. तोंड किंचित उघडं, मी मंत्र मागून म्हणत होते. खाली माझे हात. तांब्या तिरपा, पाणी सुटलेलं, घड्याळ घसरून अंगठ्याशी आलेलं. आणि पाण्याची धार त्यांच्या ओंजळीत पडायच्या आत फोटो संपत होता. त्याखाली सगळा राखाडी पट्टा.

माझ्यामागे, जरा धूसर, आनंदराव खुर्चीवर बसलेले दिसत होते. त्यांनी तोंड फिरवलं होतं.

"हा होता तुझ्याजवळ," मी म्हटलं. माझा आवाज चढला, बाहेरच्या दुकानातला माणूस डोकावला. "हा होता, आणि तू मला तो खोटा पाठवला!"

"तुटका आहे, बाई..."

"तुटका आहे, खोटा नाही. हा लाव. पूर्ण पान. खालचा पट्टा तसाच ठेव, त्यात फुलं भरू नको, पाणी भरू नको."

"लोक म्हणतीन धर्मेंद्रनं फोटो खराब केला."

"म्हणू दे. केलाच आहेस. आधी माझ्या मोबाइलवर पाठव."

त्यानं भूमिकेकडे बघून मान हलवली. मी घरच्या ग्रुपवर तो टाकला आणि लिहिलं : "आधीचा फोटो संगणकानं बनवलेला होता. कन्यादान असं झालं." श्वेतानं लगेच फोन केला आणि रडायला लागली. "संध्याकाळी बोलू, बेटा," मी म्हटलं. आनंदरावांनी फोटो पाहिल्याची निळी खूण आली.

भूमिकेनं जुनं पान काढून टाकलं, नवं बसवलं. धर्मेंद्र हात बांधून उभा होता, फळ्याजवळ उभं केलेल्या पोरासारखा.

"बाई," तो म्हणाला, "आता तरी राग गेला ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून संगणकासमोर बसले. "सहा बनवलेस म्हणालास. पाच राहिले. पहिला काढ, आणि काय चुकलं ते या वेळी तूच सांग."