तीन रेषांची गाठ

विज्ञानात संदिग्धतेला जागा नसते, असं विज्ञानाच्या बाई दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. एकोणीस वर्षांत याला कुणी विरोध केला नव्हता, कारण पहिल्या तासाला कुणी ऐकत नसे.

आता त्यांच्यासमोर ‘जोड्या जुळवा’ होतं. डावीकडे वरून खाली बल, विद्युतधारा, तापमान, दाब. उजवीकडे केल्व्हिन, अँपिअर, न्यूटन, पास्कल. दाबाची रेषा पास्कलला सरळ पोचली होती. उरलेल्या तिन्ही मधोमध एका शाईच्या डागात शिरून पलीकडे निघाल्या होत्या. कोण कुठे गेलं, ते डागालाच ठाऊक.

पेपर जुळ्यांमधल्या थोरलीचा. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताने लिहिलेला. लेखनिक दिला होता. थोरलीने तो नाकारला. डागाचे तीन गुण धरले नाहीत तर बत्तीस. पास व्हायला पस्तीस.

धाकटी दाराशी उभीच होती. हात मोडला तेव्हा सायकल तीच चालवत होती. मागे बसलेली थोरली पडली होती.

“बाई, ती नापास झाली तर मीपण त्याच वर्गात बसते.”

“तुझा पेपर तपासून झालाय. तुला आता नापास होणं जमायचं नाही.”

“मग ती एकटी बसणार?” धाकटीचा आवाज चिरकला.

बाईंनी तिला स्टुलावर बसवलं. पर्यवेक्षक सर वाकून बघत म्हणाले, “हे उत्तर आहे की कोळ्याचं जाळं? रेषा मधेच वळल्या असतील तर बल केल्व्हिनला गेलं. शून्य द्या आणि चहा घ्या.”

“थोरलीला विचारू का, सर?”

“आता विचारून काय? ती बरोबरच सांगेल. जे कागदावर आहे तेच.”

बाईंनी तेच मनावर घेतलं. पान उलटं केलं, खिडकीशी तिरपं धरलं. डाव्या हाताने बॉलपेन जिवाच्या आकांताने दाबलं होतं. मागे कागदावर वळ उठले होते. शाई पसरली होती, पण वळ पसरले नव्हते. बाईंनी बोट फिरवलं. बलाचा वळ डागातून न वळता न्यूटनपर्यंत, तापमानाचा तसाच केल्व्हिनपर्यंत. मधला आडवा, अँपिअरला.

“सर, बोट द्या.”

सरांनी चष्मा काढून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

“एवढं दाबतं का कुणी?” ते हळूच म्हणाले. “हात दुखला असेल पोरीचा.”

बाईंनी तीन बरोबरच्या खुणा केल्या. धाकटी रडली, मग घरी पळाली.

नव्या वर्षी वर्गात मुलं जास्त झाली म्हणून शाळेने दोन तुकड्या केल्या. थोरली अ मध्ये गेली, धाकटी ब मध्ये.