शेवटची वर जाणारी हवा

थोरल्याला आभाळात अजून अर्धा तास काढायचा होता. सलग पाच तास वर राहिलं की ग्लायडरवाल्याला बिल्ला मिळतो. धाकट्या भावाने तो गेल्याच वर्षी छातीवर लावला आणि तेव्हापासून थोरल्याला तो आजोबा म्हणायचा. “आजोबा, तुम्ही जेवायच्या वेळेला घरी उतरता, बिल्ला काय पोस्टाने येणार?”

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, वर ओढून नेऊन सोडलं की खाली यायलाच लागतं. त्याला पुन्हा वर न्यायला ऊन लागतं. नांगरलेली काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते, हलकी होते आणि जमिनीचा हात सोडून वर निघते. देवाने वाऱ्याला रूप दिलं नाही, खुणा मात्र भरपूर दिल्या. सपाट बुडाचा ढग, पंख न हलवता फिरणारी घार, गोल उडालेला पाचोळा. विमानाचा एक पंख आपोआप उचलला गेला की त्या बाजूला वळायचं, घट्ट गिरक्या घ्यायच्या आणि चढ-उतार मोजणारा काटा जिकडे जास्त चढ दाखवेल तिकडे गिरकी सरकवत न्यायची. दोघांना हे बाबांनी शिकवलं होतं. बाबा आता धावपट्टीवरच्या खोलीत रेडिओपाशी बसत. त्यांचं एक वाक्य सगळ्या क्लबला पाठ होतं: वर तोंडाचं कोणी ऐकत नाही, पंखांचं ऐकतात. एकजण गिरक्या घेताना दिसला की बाकीचे धावतात, कारण तिथे हवा वर जात असते.

दुपार कलली होती, ढग विरत चालले होते. थोरल्याला एका नांगरटीवर चढ सापडला. चढ मिळाला की वाजणारी काट्याची पिपाणी आनंदाने वाजू लागली. दिवसातली वर जाणारी हवा ही शेवटचीच असणार, हे त्याने ओळखलं.

धाकटा मात्र एका ढगामागे धावला आणि तिथे पोचेपर्यंत ढगच मेला. आता तो फार खाली होता, धावपट्टी आवाक्याबाहेर. रेडिओवर म्हणाला, “दादा, तुझ्या खाली येतोय. जागा ठेव.”

थोरल्याने खाली पाहिलं. मघापासून त्याच्या खाली निवांत फिरणारी घार आता पंख फडफडवत होती. गरम हवेचा गोळा जमिनीपासून तुटला होता. तो थोरल्याला घेऊन वर चालला होता आणि खाली फक्त बसती, विमानाला खाली नेणारी हवा उरली होती.

“येऊ नकोस,” तो म्हणाला. “खालून तुटलंय. तुझ्या पुढ्यातलं कापलेलं रान घे, तिथे उतर.”

“आजोबा, तुम्ही तर चढताय.”

चढत होता खरा. सांगत होता नको म्हणून आणि पंख म्हणत होते ये. त्या गिरकीतून बाहेर पडला असता, सरळ निघून गेला असता, तर धाकट्याने निमूट उतरायची तयारी केली असती. पण बाहेर बसती हवा होती, बाहेर पाच तास मोडत होते. थोरल्याने आणखी एक गिरकी घेतली. मग आणखी एक. रेडिओवर बाबा दोन्ही मुलांचं ऐकत होते. त्यांचा आवाज आला, अगदी हळू. “थोरल्या, तू बाहेर पड. तो तुझ्याकडे बघतोय.”

तेव्हा त्याने पंख सरळ केले. पिपाणी थांबली, काटा खाली बसला.

पण तोवर धाकट्याच्या पुढ्यातलं कापलेलं रान मागे पडलं होतं. धाकटा नांगरटीवर पोचला आणि त्याने गिरकी घेतली. एक फेरी काहीच मिळालं नाही. परत रानाकडे वळायला उंची नव्हती, तरी तो वळला. जमीन जवळ दिसली की माणूस नाक वर ओढतो. त्यानेही ओढलं. वेग मेला, वळणाच्या आतल्या बाजूचा पंख गळाला आणि विमान स्वतःभोवती फिरत गेलं. वरून ते फार संथ दिसलं. धूळही फारशी उडाली नाही.

बाबा विचारत राहिले, “धाकट्या, उतरलास का? बोल रे.” थोरल्याला रेडिओचं बटण दाबवेना. दाबलं तेव्हा एवढंच म्हणाला, “बाबा, माणसं पाठवा.”

तो कापलेल्या रानात उतरला आणि धावत ढेकळांतून गेला. काच फुटली होती. पट्ट्यात धाकटा मान टाकून बसला होता. मान वळली होती ती माणसाची वळत नाही तशी. थोरल्याने त्याच्या नाकापाशी हात धरला. बराच वेळ धरला. नाम घ्यावं म्हणून तोंड उघडलं, पण भावाच्या हाकेशिवाय काही निघालं नाही.

मग त्याच्या पाठीला वारा लागला. नंतर कळलं, तो सगळ्याच बाजूंनी आत येतोय. विमानाजवळचा पाचोळा सरकत आला, गोल फिरला आणि उठला. जमिनीत उरलीसुरली ऊब होती, ती आता वर निघाली होती. कुठूनशी ती घार आली, तिने पंख पसरले आणि ते एकदाही न हलवता, दोघा भावांच्या डोक्यावर, गिरक्या घेत वर वर जात राहिली.