मधल्या खुर्चीतली व्यक्ती

दिनांक नऊ, वार शुक्रवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. स्थळ, आमच्या राहत्या घराची मागची खोली, जिथे संगणक, छपाईयंत्र आणि इस्त्रीचे कपडे एकत्र नांदतात. एवढा तपशील मी मुद्दाम देतो आहे, कारण पुढे जे घडले त्यात माझ्या बाजूने निर्विवाद खरे म्हणता येईल असे तेवढेच आहे.

एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात मी एकतीस वर्षे मसुदे तपासले. प्रमुख कधी झालो नाही. पण प्रमुखांची पत्रे माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नसत. कचेरीत मला माझ्या पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणत, आणि काही जण तोंडावरही म्हणत. त्याचा मला अभिमान होता.

माझी मुलगी, जिला आम्ही घरात ठकी म्हणतो, एका ग्रंथालयात जीर्ण कागदांची दुरुस्ती करते. चार वर्षे कंत्राटावर. त्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत तिचा अर्ज एका अभिलेखागाराच्या जतन विभागाकडे जायचा होता. जागा एकच, आणि कायमची. अर्ज तिने लिहून, कामाच्या दोन नोंदी नमुन्यादाखल जोडून, तिच्या खात्यात मसुदा म्हणून ठेवला होता. राहिले होते ते अनुभवाचे प्रमाणपत्र. ते ग्रंथालयाचा शिपाई चार वाजता घरी आणून देणार होता. मी ते स्कॅन करून जोडायचे आणि मेल पाठवायचा. ती स्वतः तळघरातल्या कपाटांच्या मोजणीत अडकली होती, जिथे फोन दाराबाहेर ठेवावा लागतो. आत जाण्यापूर्वी तिने फोन केला.

“बाबा, प्रमाणपत्र जोडा आणि पाठवा. फार तर शुद्धलेखन बघा. वरचं काही बदलू नका.”

“वरचं म्हणजे संबोधन? तेच तर खटकतंय. ‘नमस्कार’ आणि पुढे नुसतं नाव. दूधवाल्याला चिठ्ठी लिहितेस की विभागप्रमुखाला?”

“नावावरून कळत नाही, बाबा. जाहिरातीतही नुसतं नाव आहे. म्हणून पूर्ण नाव लिहिलं.”

ते खरे होते. ते नाव पुरुषाचे असते तसे स्त्रीचेही असते. माझ्या पत्नीच्या मावशीचे आणि माझ्या थोरल्या मेहुण्याचे नाव तेच. एका लग्नात दोघांच्या भेटवस्तूंची अदलाबदल होऊन मेहुण्याला साडी आली होती.

“मग ‘महोदय’ घाल. त्यात सगळे येतात.”

“ज्यांना बाहेर ठेवलेलं असतं, त्यांना विचारा सगळे येतात का ते.”

“बरं, मग ‘महोदय’, तिरपी रेघ, ‘महोदया’?” हे मी केवळ वादासाठी म्हटले. माणसाला तिरप्या रेघेवर लटकत ठेवणे मला कधीच पटलेले नाही.

“बाबा, आमच्या स्थितीनोंदीत जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणूनच लिहितात. मी आत चाललेय. ठेवते.”

स्थितीनोंद म्हणजे कागद दुरुस्तीला घेण्यापूर्वी त्याची जी अवस्था दिसते तिची लेखी नोंद. तिच्यावरून आमचा पूर्वीही वाद झाला होता. एका जुन्या पत्रावर तपकिरी वर्तुळ होते. कोणीतरी त्यावर कप ठेवला होता, हे शेंबडे पोरही सांगेल. ठकीने लिहिले होते: ‘तपकिरी गोल डाग, कारण अज्ञात.’ मी म्हटले, चहा आहे. ती म्हणाली, “तुम्ही प्यायला होतात का?” त्या जाहिरातीतही तळाशी एक ओळ होती: ‘अर्ज हा अर्जदाराच्या नोंद करण्याच्या पद्धतीचा नमुना मानला जाईल, अर्ज स्वतः लिहावा, जे पाहिलेले नाही ते लिहू नये.’ मी ती ओळ वाचली होती. तिच्यातल्या स्वल्पविरामांचे मनातल्या मनात कौतुकही केले होते.

प्रमाणपत्र स्कॅन झाले तेव्हा सव्वाचार वाजले होते. पंचेचाळीस मिनिटे हाताशी होती, आणि रिकामा वेळ व अपुरे संबोधन या दोन गोष्टी माझ्यासमोर एकत्र ठेवू नयेत. मी ते नाव शोधले. एक दंतवैद्य निघाला, एक जलतरणपटू निघाली, एक कोणी वारलेले निघाले. शेवटी अभिलेखागाराचे पान उघडले. जतन विभागाच्या मथळ्याखाली एक छायाचित्र होते: सहा माणसे उभी, पाच बसलेली. बसलेल्यांत मधल्या खुर्चीवर पांढऱ्या भरघोस मिश्यांचे, गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ. मांडीवर फुलांचा गुच्छ. छायाचित्राच्या लगेच खाली विभागप्रमुख हे पद आणि ते नाव.

मधली खुर्ची कोणाची असते, हे एकतीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

“अहो, पाठवलंत का?” ही बाहेरून म्हणाली. ती उशीच्या अभ्र्याला बटणे लावत होती.

“छडा लागला. पुरुष आहेत.”

“तिनं बदलू नका म्हटलंय ना? मला इथवर ऐकू आलं.”

“सुधारणं म्हणजे बदलणं नव्हे.”

“लग्न झाल्यापासून सुधारताय,” ती म्हणाली, “अजून कोणी सुधारलं नाही.”

मी ‘नमस्कार’ आणि नाव खोडले. ‘आदरणीय महोदय’ लिहिले. मग हात थांबायला हवा होता. पण नुसते संबोधन उघडेबोडके दिसू लागले, म्हणून त्याखाली एक वाक्य घातले: ‘संस्थेच्या पानावरील छायाचित्रात आपले दर्शन घडले आणि आपल्या मुद्रेवरील दीर्घ अनुभवाची छाया पाहून अर्ज करण्याचे धैर्य आले.’ वाक्य तीनदा वाचले. ‘मुद्रेवरील’ की ‘मुखावरील’ यावर चार मिनिटे घालवली. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मेल गेला.

सहा वाजता ठकीचा फोन आला. “गेला?”

“वेळेआधी गेला.”

“काही बदललं नाही ना?”

“दोन स्वल्पविराम,” मी म्हणालो.

हे लिहिताना माझे कान तापतात. ते वाक्य जिला सांगायचे तिला मी सांगितले नाही आणि वर हसलो. ती पण हसली.

नऊ दिवसांनी, रविवारी सकाळी, ती संगणकासमोर बसली होती आणि मी शेजारी वर्तमानपत्र चाळत होतो. तिने हाक मारली नाही. फक्त खुर्ची थोडी मागे घेतली, जेणेकरून मला पडदा दिसावा. मी वाचले.

‘आपला अर्ज मिळाला. सोबतच्या दोन्ही स्थितीनोंदी काटेकोर आहेत. मात्र आपण छायाचित्रात ज्या व्यक्तीला पाहिल्याचे लिहिले आहे, ती व्यक्ती मी नाही. ते आमचे वाहनचालक आहेत. छायाचित्र त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीचे आहे. मी त्या छायाचित्रात नाही. आपण नेमके काय पाहिले आणि त्यावरून काय लिहिले, हे चार दिवसांत कळवावे.’ खाली तेच नाव. त्यापुढे काही नाही, त्यामागे काही नाही.

ठकीने पाठवलेल्या मेलांची यादी उघडली, नऊ तारखेचा मेल काढला आणि पहिल्या दोन ओळी वाचल्या. तिने त्या मोठ्याने वाचल्या असत्या तर बरे झाले असते.

“मी हे उघडून बघितलंच नाही,” ती म्हणाली. “तुम्ही पाठवलंत म्हणून.”

मी वर्तमानपत्राची घडी घातली. आमच्या दिवाणखान्यात माझ्या निवृत्तीच्या दिवसाचे छायाचित्र टांगलेले आहे. सगळा विभाग मागे उभा, प्रमुख कडेच्या खुर्चीत, आणि मधल्या खुर्चीत, गुच्छ धरून, मी. एकतीस वर्षांत त्या खुर्चीत बसण्याचा माझा तो एकमेव दिवस. ते छायाचित्र मी रोज पुसतो.

“मी त्यांना लिहितो,” मी म्हणालो. “सगळा दोष माझा आहे, असं स्पष्ट लिहितो.”

“लिहिलंत तर अर्ज मी लिहिला नाही असं होतं. नाही लिहिलंत तर मी न बघितलेलं बघितलं म्हणून लिहिते असं होतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “यातलं कुठलं चांगलं दिसेल, बाबा? तुम्ही मसुदे तपासायचात ना?”

ही दारात येऊन उभी होती. एरवी अशा वेळी तिच्याकडे एक टोमणा तयार असतो. तेव्हा नव्हता.

“खरं असेल ते लिहा,” ती म्हणाली.

मी माझ्या खात्यातून लिहायला बसलो. संबोधनाशीच अडलो. उत्तर आले होते, चूक दाखवली गेली होती, आणि तरीही ती व्यक्ती स्त्री की पुरुष, हे मला तितकेच ठाऊक होते जितके पहिल्या दिवशी. आणि सांगायला लाज वाटते, पण अशा अवस्थेतही माझे डोळे त्या चार ओळींत खूण शोधत होते: एवढे तुटक म्हणजे पुरुष असणार, वाहनचालकाचा एवढा मान राखला म्हणजे बाई असणार. दोन्ही अंदाज एकाच मिनिटात केले आणि दोन्ही मला पटले. तेव्हा कुठे मला ठकीचे मूळ संबोधन आठवले आणि ‘नमस्कार’ लिहून पुढे पूर्ण नाव लिहिले. त्यात काहीही कमी वाटले नाही. ते त्याच व्यक्तीला होते, दुसऱ्या कोणाला नव्हते.

पुढे मात्र मी दीड पान लिहिले. त्यात माझी एकतीस वर्षे होती, माझा हेतू होता, संबोधनाच्या परंपरेवर एक परिच्छेद होता. छापून ठकीपुढे ठेवले.

“वाच. जे नको ते काढ.”

तिने पेन्सिल घेतली. एकतीस वर्षे काढली. हेतू काढला. परंपरेवर एकच आडवी रेघ मारली. उरले ते असे: ‘मी अर्जदाराचा पिता. संबोधन आणि त्याखालील वाक्य मी, तिने स्पष्ट मनाई केली असताना, तिला न सांगता घातले. मी छायाचित्रात मधल्या खुर्चीवर एक व्यक्ती पाहिली आणि ती आपणच, असे मानले. तिने विचारले तेव्हा मी तिच्याशी खोटे बोललो.’

शेवटचे कलम माझ्या मसुद्यात नव्हते. ते तिने पेन्सिलीने लिहिले होते. मी ते तसेच टंकले.

तिने स्वतःच्या खात्यातून दोनच वाक्ये पाठवली: ‘तो मजकूर माझा नाही. पाठवण्यापूर्वी आणि नंतर तपासणे माझे काम होते, ते मी केले नाही.’

बुधवारी उत्तर आले. आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाशी होतो, दुपार होती, ताटे अजून वाढायची होती. ठकीने ते फोनवरून वाचून दाखवले, बातम्या वाचाव्यात तसे.

“‘दोन्ही खुलासे मिळाले. अर्ज पूर्णपणे अर्जदाराने लिहिलेला नसल्याने नियमानुसार विचारात घेता येत नाही. स्थितीनोंदी आम्ही नमुना म्हणून ठेवून घेत आहोत. पुढील जाहिरात निघाल्यास पुन्हा अर्ज करावा.’”

“पुढची कधी निघेल?” हिने विचारले.

“मागची सहा वर्षांपूर्वी निघाली होती.”

ही उठून ताटे मांडू लागली. ठकीने फोन पालथा ठेवला, पाण्याचे भांडे भरले आणि माझ्यापुढे सरकवले. मग माझ्याकडे पाहून, अगदी साध्या आवाजात म्हणाली:

“बाबा, यापुढे माझं काहीही तुम्ही पाठवायचं नाही.”