हिरव्या खडूविना झाड

चित्रकलेच्या बाईंनी बालवर्गातल्या प्रत्येक खोक्यातला हिरवा खडू काढून घेतला, तेव्हा मदतनीस ताई धास्तावल्याच. आता पोरं वर्ग डोक्यावर घेणार! बाईंनी मात्र मुलांना खिडकीशी नेलं.

"झाडावर ऊन कुठे पडलंय? तिथे पिवळा भरपूर, त्यावर निळा अगदी हलका. सावलीत निळा दाबून घासा."

बघता बघता कागदांवर नाना तऱ्हेचे हिरवे उगवले. एकीने तर कोवळी पानं तांबूस केली, आणि खिडकीबाहेर ती तश्शीच होती! ताई बघतच राहिल्या.

तेवढ्यात एका चिमुरडीने भिंतीवरच्या, ताईंनीच हौसेने रंगवलेल्या हिरव्यागार झाडाकडे बोट दाखवलं.

"ताई, तुमच्या झाडावर ऊन पडतच नाही?"

ताईंनी पिवळ्या रंगाचा डबा उघडला.