पारख्याच्या कामांची यादी

सानगडीच्या आमच्या धान सोसायटीत पारखी नेमायचा होता. मागच्याला मुलाखतीत मंगोलियाची राजधानी विचारली होती. त्याने ती बरोबर सांगितली आणि हंगामभर ओलं धान घेतलं. गोदामातच धानाला कोंब फुटले.

म्हणून यंदा सचिव पुंडलिकरावांनी आधी कामांची यादी करायची आणि तिच्यावरूनच प्रश्न काढायचे, असं ठरवलं. दोन दिवस ते वजनकाट्याजवळ बसून राहिले. दाणा चावून ओलावा ओळखणं, कचऱ्याचा अंदाज घेणं, पोतं परत करताना भांडण होऊ न देणं. एकेका कामापुढे त्यांनी एकेक प्रश्न लिहिला. चावून पाहायला ओलं आणि सुकं असं दोन मुठी धानही ठेवलं.

ही सगळी कामं झाडूवाली तुळसा नऊ वर्षं करत होती, पारखी चहाला गेला की. आपलं नाव त्या जागेवर लागावं, ही तिची आस तिने कोणाला सांगितली नव्हती.

यादीच्या शेवटी पुंडलिकरावांनी सवयीने लिहिलं: मॅट्रिक पास.

"साहेब, मले बलावसान का मुलाखतीले?"

"तू चौथी ना, तुळसाबाई. मॅट्रिक लागते."

"कोनत्या कामाले लागते जी?"

पुंडलिकरावांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. पावत्या तर कारकूनच लिहीत होता. त्यांनी ती ओळ खोडली आणि यादी टायपिंगला दिली.

कागद मशीनमधून निघेपर्यंत तुळसा खिडकीशी उभी होती. मग तिने मुलाखतीची तारीख विचारली आणि पायरी उतरून पुन्हा एकदा विचारायला परत आली.