महोदय, आपण बाई आहात

आमच्या निवड समितीत पाच जण आहेत. त्यातल्या चार बायका आणि एक दातांचे डॉक्टर. तरीही यंदा आलेल्या एकेचाळीस अर्जांपैकी अडतीस अर्जांची सुरुवात 'महोदय', 'आदरणीय सर' किंवा तसल्याच कशाने तरी झाली होती. दातवाले डॉक्टर दरवर्षी खूश असतात. "बघा, लोक मलाच लिहितात," असं म्हणत ते चहात बिस्किट बुडवतात. चार बायकांच्या मधोमध बसून मिळालेला हा मान त्यांना सोडवत नाही.

मी समितीची सदस्य नाही. मी कार्यालयातली बाई. अर्ज घेणं, नोंदवहीत चढवणं, बोलावण्याची पत्रं पाठवणं, चहा सांगणं, आणि काही बिघडलं तर 'बाईंना विचारा' म्हटल्यावर पुढे होणं, ही माझी कामं. एकोणीस वर्षं मी हेच करते आहे, आणि मी चुकते असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणजे मी चुकत नव्हते असं नाही, हे आता कळलं.

आमच्या संस्थेत कृत्रिम पाय बनवायचं एक वर्षाचं शिक्षण मिळतं, राहणं-जेवण धरून. इतर जागा परीक्षेतून भरतात. एक जागा मात्र अशा माणसासाठी असते, ज्याच्याकडे पदवी नाही पण हातात कसब आहे. त्या एका जागेसाठी ही समिती. सदस्य कोण ते निकाल लागेपर्यंत गुप्त ठेवतात. नाहीतर वशिल्याचे फोन येऊन कान किटतात.

अध्यक्ष आहेत सर्जनबाई. तीस वर्षं त्यांनी लोकांचे पाय कापले आणि वाचवले, त्यामुळे घोळ घालत बोलण्याची त्यांना सवय नाही. अर्जांचा गठ्ठा चाळताना त्यांचा पारा चढत गेला.

"हे ऐका," त्या म्हणाल्या. "'महोदय अथवा महोदया, जे लागू असेल ते.' अरे, मी काय औषधाची बाटली आहे? आणि हे? 'प्रिय साहेब व मंडळी'! साहेब एक, आणि आम्ही मंडळी."

"एकाने 'माय-बाप समिती' लिहिलंय," दातवाले डॉक्टर म्हणाले. "त्यात निदान माय आधी आहे."

"समितीला लिहिताय ना? मग समितीला लिहा! 'निवड समितीस, नमस्कार.' संपलं. कोण बसलंय ते ठाऊक नाही, तर ठाऊक असल्यासारखं कशाला करायचं? नाव ठाऊक असेल तर नाव लिहा. नसेल तर पद लिहा, समिती लिहा. त्यात कुणाला मिशा आहेत की नाही ते ठरवावं लागत नाही."

बोलणं अगदी बरोबर होतं. पण बरोबर बोलणाऱ्या माणसाला आवरलं नाही तर तो त्याचा नियम करतो. सर्जनबाईंनी केला. ज्याला समोर बाई असू शकते हे सुचत नाही त्याला समोरच्या पेशंटचं दुखणंही दिसणार नाही, सबब हे अडतीस अर्ज बाद. बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या. डॉक्टरांनी बिस्किट खाली ठेवलं.

उरले तीन. त्यातले दोन मुदतीबाहेर आले होते. तिसऱ्याची सुरुवात इतकी देखणी होती की वाचूनच मन भरलं: 'निवड समितीच्या सर्व मान्यवर सदस्यांस सविनय नमस्कार.' सोबत केलेल्या कामाचा फोटो जोडायचा होता. त्याने लग्नाच्या स्टेजवर उभा असलेला स्वतःचा फोटो जोडला होता.

"सुरुवात उत्तम आहे," एक सदस्य चाचरत म्हणाल्या.

"पाय त्या सुरुवातीवर उभा करणार का?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचं पहिल्यांदाच मला पटलं.

सर्जनबाई हट्टी असल्या तरी मूर्ख नाहीत. "अर्ध्या तासाने बसू," असं म्हणून त्या उठल्या. मी बाद अर्ज गोळा करायला लागले, तेव्हा त्यातला एक अर्ज हातातून सुटेना.

एका इस्पितळाच्या कार्यशाळेत मदतनीस असलेल्या बाईचा तो अर्ज होता. आठ वर्षं ती प्लास्टर कालवून तुटलेल्या पायांचे साचे घेत होती. फोटोत एक गुडघ्याखालचा पाय होता. त्याच्या तोंडाला आतून, जिथे कातडी घासून फोड येतात तिथे, तिने सायकलच्या जुन्या ट्यूबची कड बसवली होती. खाली लिहिलं होतं, 'रोग्याने सांगितले तिथेच बसवली.' मला त्यातलं फार कळत नाही, पण एवढं कळलं. वयाची अट पस्तीस. तिला पस्तीस पूर्ण झाली होती. यंदा नाही तर कधीच नाही.

आणि वर ठळक अक्षरात 'आदरणीय सर'.

जीव हळहळला. एवढी शहाणी बाई, आणि सुरुवातीलाच माती खाल्ली! नाव ओळखीचं वाटलं म्हणून मी गेल्या वर्षीची फाईल काढली. होता, तिचा अर्ज होता. आणि त्याची सुरुवात होती: 'निवड समितीच्या सदस्यांना नमस्कार.'

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. लोक वर्षभरात सुधारतात, ही बिघडली कशी? नोंदवहीत तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात शेरा होता: 'मुलाखतीस बोलावले. गैरहजर.' आमच्याकडे न कळवता गैरहजर राहणाऱ्याला पुन्हा बोलावत नाहीत. म्हणजे 'सर' लिहिलं नसतं तरी ती बादच होती.

मग मी यंदाच्या अर्जाचं दुसरं पान उलटलं. ते आम्ही कुणी उलटलंच नव्हतं. पहिल्या ओळीवरच सगळ्यांचा राग उतू गेला होता.

'गेल्या वर्षी मला मुलाखतीचे पत्र आले. त्यावर माझ्या नावामागे श्री. लिहिले होते व खाली महोदय. फाटकावरच्या दादांकडच्या यादीतही श्री. होते. ते म्हणाले, हे पत्र पुरुषाचे आहे, नवऱ्याच्या जागी बायको चालत नाही. ओळखपत्र दाखवले, तरी ऐकले नाही. चार तास थांबून परत आले. या वर्षी अर्ज कोणाच्या नावे करावा असे फोनवर विचारले. कार्यालयातील बाईंनी सांगितले, सर लिहा, सगळे तेच लिहितात. आपल्याकडे सर्वांना सर धरतात असे समजून तसे लिहिले आहे. चूक असल्यास माफ करावे.'

कार्यालयातील बाई एकच आहे. ती म्हणजे मी.

तिचं नाव बाईचंही असतं, पुरुषाचंही. पण गेल्या वर्षीच्या अर्जात 'मी काम करते', 'मी साचे घेते' असं ओळीओळीला होतं. मी तो अर्ज वाचलाच नव्हता. नाव आणि पत्ता तेवढा उतरवला, कार्यशाळा म्हटल्यावर बाप्याच असणार असं धरलं आणि ठोकून दिलं श्री. फाटकावरची यादीही मीच केली. मग ती आली नाही म्हणून मीच गैरहजर लिहिलं. एका बाईला परत पाठवायला चार पुरुष लागतात असं म्हणतात, इथे मी एकटी पुरले.

खरं सांगते, ते पान परत उलटावं आणि गठ्ठा बांधून टाकावा असं मनात आलं. कुणाला कळलं असतं? निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. पण मला सारखा तो पायातला ट्यूबचा तुकडा दिसत होता. रोग्याने सांगितलं तिथेच बसवणारी बाई, आणि आम्ही तिचं सांगणं फाटकातही ऐकलं नाही. मला माझीच लाज वाटली.

समिती परत बसली तेव्हा मी चहा सांगितला नाही. उभ्याउभ्या दुसरं पान मोठ्याने वाचलं. 'कार्यालयातील बाईंनी' हेही गाळलं नाही.

सर्जनबाईंनी हात पुढे करून गेल्या वर्षीच्या माझ्या पत्राची प्रत मागितली. खाली त्यांचीच सही होती.

"तुम्ही वाचलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई."

"मीही वाचलं नाही. सही ठोकली." त्यांनी प्रत टेबलावर ठेवली. "आणि आज अडतीस माणसं पहिल्या ओळीवरून बाद करत होते. त्यांना 'महोदय' शिकवलं कुणी? आपण. जाहिरातीत कुणाच्या नावे लिहायचं ते लिहिलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "विचारलं की मी सर सांगते."

डॉक्टर खाकरले. "मला वाटायचं, मलाच लिहितात," ते म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

सगळे अर्ज पुन्हा गठ्ठ्यात आले, आणि या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचले गेले. त्याला दोन दिवस लागले. सात जणांना बोलवायचं ठरलं, त्यात ती होती. पत्रं मी लिहिली. नुसतं पूर्ण नाव, मागे श्री. नाही की सौ. नाही, आणि खाली 'नमस्कार'. ते कागदावर उघडंबोडकं दिसेल असं वाटलं होतं. छान दिसलं.

तिला मी फोनही केला.

"मी निवड समितीच्या कार्यालयातून बोलतेय."

"हो सर," ती म्हणाली.

"अहो, मी बाई आहे."

"माहितीये, आवाज ओळखला. पण तुमच्याकडे काय चालतं ते आपल्याला कुठं कळतंय? एकदा नमस्कार लिहिला तर फाटकातून परत गेले." ती चिडून बोलत नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. "या वेळी फाटकावर काय दाखवू?"

"काही दाखवू नका. मी उभी असेन."

मुलाखतीच्या दिवशी मी साडेआठपासून फाटकावर उभी होते. फाटकावरचे दादा खुर्ची घेऊन आले, शर्टाची बटणं लावली, टोपी सारखी केली.

"बाई, तुम्ही स्वतः? कोण मोठे साहेब येणारेत?"

"साहेब नाही. गेल्या वर्षी तुम्ही ज्यांना इथे चार तास उभं केलंत आणि मी ज्यांना गैरहजर लिहिलं, त्या येणारेत."

दादांनी खुर्ची माझ्यासाठी आणली होती. ती त्यांनी उचलली आणि फाटकाच्या आत, सावलीत नेऊन ठेवली.

ती नऊला आली. हातात कापडात गुंडाळलेला एक पाय होता. मला बघून थबकली. मीच आधी नमस्कार केला. दुपारी पाचही जणांनी तिचं नाव लिहून दिलं. मग मी नोंदवही उघडली, गेल्या वर्षीच्या शेऱ्यातलं 'गैरहजर' लाल शाईने खोडलं, आणि शेजारी लिहिलं, 'उमेदवार हजर होती. आम्ही नव्हतो.' सर्जनबाईंनी ते आधी वाचलं, मग त्याखाली सही केली.