मास्तरांची कंबर

"चौतीस," मास्तर म्हणाले. "लिहून घ्या. रोज सकाळी मोजतो मी."

आहारतज्ज्ञ बाईंनी पेन उचललं नाही. त्या मास्तरांच्या पोटाकडे बघत राहिल्या. मास्तर कोट-पँटच्या दुकानात एकतीस वर्षं कापड बेतत होते, आणि मापावरून त्यांना कुणी हटकलं नव्हतं. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याची छाती किती, हे ते मनात मांडून ठेवत. अशा माणसाला स्वतःची कंबर ठाऊक नसावी, हे म्हणजे जरा अतीच झालं.

"कुठं मोजता?"

"कुठं म्हणजे? पँट बसते तिथं!"

"पँट पोटाच्या खाली बसते, मास्तर. शर्ट वर करा."

बाईंनी त्यांच्या कुशीत बोटं रुतवून शेवटची बरगडी शोधली, मग खुब्याच्या हाडाचा वरचा काठ शोधला, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनानं ठिपका काढला. "पाय जुळवा. श्वास घ्या, सोडा. पोट आत ओढायचं नाही." टेप जमिनीला समांतर फिरली. कातडीला टेकली, पण रुतली नाही.

"शंभर सेंटिमीटर."

"साडेएकोणचाळीसला कणभर कमी," मास्तर आपसूक म्हणाले. आपण इतकी वर्षं पोट वगळून कंबर मोजत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. पँटसाठी ते माप खरंच होतं. ते फक्त पँटचंच होतं, एवढंच.

तिथं ते हौसेनं गेले नव्हते. त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलीचं लिव्हर निकामी होत आलं होतं. तिच्या शरीरानंच ते परकं समजून पोखरलं होतं. आता कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा होता. आईचा रक्तगट जुळला नाही, मास्तरांचा जुळला. सगळं जमलंय असं वाटत असतानाच स्कॅन आला आणि सर्जननी मान हलवली. मास्तरांच्या लिव्हरमध्ये पंचवीस टक्के चरबी होती. असला तुकडा मुलीच्या पोटात नीट काम करत नाही, आणि मागे उरतो तो मास्तरांनाही पुरत नाही. दहाच्या खाली आणा, मग बघू. मुलीकडे फार तर अडीच-तीन महिने आहेत, हेही त्यांनी सांगून टाकलं.

"पण मी जाडा कुठाय?" मास्तरांनी बाईंपुढे हात धरले. हात खरोखरच काडीसारखे होते.

"तोच तर घोटाळा आहे. कातडीखालची चरबी चिमटीत येते. तुमची आत आहे, आतड्यांभोवती. जिथं ती साठते तिथं लिव्हरमध्येही साठायला लागते. वजनकाट्याला ती कुठं आहे ते कळत नाही, टेपला थोडंफार कळतं. उंची किती?"

"सहासष्ट इंच."

"मग कंबर तेहेतिसाच्या आत हवी. उंचीच्या निम्म्याहून कमी."

मास्तरांनी मनात वजाबाकी केली. साडेसहा इंच. एवढ्यात लहान मुलाची बाही निघते.

"तेवढं दहा आठवड्यांत होणार नाही," बाई म्हणाल्या. "वजन सात किलो उतरवा. कंबर रोज मोजा, त्याच जागी, त्याच वेळी. एका दिवसाच्या आकड्याला भुलू नका. आठवड्याचा कल बघा. आणि टेप फक्त दिशा सांगते, निकाल स्कॅनच देणार."

मास्तर हट्टाला पेटले. चहातली साखर गेली, दुकानातली बिस्किटं गेली, रविवारची दारू गेली. ताटात अर्ध्या भागात भाज्या आल्या. बायको म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली. भोपळ्याचं नाव काढलं की तोंड फिरवणारा माणूस हा!" सकाळी एक तास झपझप चालणं सुरू झालं. दुकानात ते दिवसभर उभे असत, पण उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, हेही त्यांना याच वयात कळायचं होतं.

मोजताना एक अडचण आली. आकडा वाचायला खाली वाकलं की पोट पुढं येई आणि माप बदले. म्हणून मुलगी वाचू लागली. सकाळी तोंड धुऊन, काही खाण्याआधी, मास्तर खिडकीशी उभे राहत आणि ती टेप लावी. मग ती पलंगावर आडवी होई, आणि मास्तर तिच्या बेंबीवरून टेप घेत. तिच्या पोटात पाणी भरत होतं. हातपाय वाळलेले आणि पोट तेवढं तट्ट. तिचा आकडा वाढला की डॉक्टरांना फोन करायचा असे. एकाच टेपवर बापाचा आकडा म्हणजे चरबी आणि लेकीचा म्हणजे पाणी. दोन्ही उतरायला हवे होते.

पहिल्या पाच आठवड्यांत मास्तर साडेएकोणचाळीसावरून अडतीसवर आले. मग तिथंच अडकले. सहावा आठवडा अडतीस. सातवा अडतीस. मुलीचं पाणी एकदा काढलं, पुन्हा भरलं.

"होतं असं," ती म्हणाली. "नसेल तुमच्या नशिबात. सोडा ना, बाबा."

मास्तरांनी रात्रीचं जेवण आणखी कमी केलं. ते घाबरले होते. कैची हातात धरून भलतीकडेच बघत बसत. एक दिवस दुकानात कापडाचा गठ्ठा उचलताना त्यांची पँट घसरली. कारागीर हसले. मास्तर मात्र कमरेचा घेर चिमटीत धरून उभेच राहिले. कापड सांगत होतं एक आणि टेप दुसरंच.

दुसऱ्या दिवशी मुलीनं टेप लावली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं नाही. नुसते जाणवून घेत राहिले. उजव्या कुशीत, टेप आणि कातडी यांच्यामध्ये, काहीतरी उबदार होतं. शिंपी गिऱ्हाइकाला घट्ट होऊ नये म्हणून टेपखाली बोटं घालतो. शाळेच्या सुट्टीत दुकानात बसवून त्यांनीच तिला हे शिकवलं होतं.

"अडतीस," ती म्हणाली.

"बोट काढ."

ती हलली नाही.

"बोटं काढ, बाळा."

तिनं दोन बोटं काढली. टेप पोटाला लागली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती रडत होती, पण आवाज साधाच होता.

"तुम्ही नापास झालात तर तुम्हाला कापणार नाहीत. मला काही झालं तर आईजवळ तुम्ही तरी राहाल."

मास्तरांना राग यायला हवा होता. तो आला नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, असं त्यांना वाटलं.

"आकडा सांग," ते म्हणाले.

"सवासदतीस."

दहाव्या आठवड्यात साडेछत्तीस झाले. तेहेतीस कुठल्या कुठं राहिले होते. पण स्कॅनमध्ये चरबी आठ टक्के निघाली, आणि सर्जननी तारीख दिली.

त्या सकाळी साडेसहाला सर्जन खोलीत आले. आधी मास्तरांना न्यायचं होतं, मागून मुलीला. ती शेजारच्या पलंगावर जागीच होती. सर्जननी मास्तरांच्या बरगड्यांखाली जांभळ्या पेनानं कापायची रेघ आखली. मास्तरांनी ती नजरेनं तपासली. सर्जनचा हात स्थिर होता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तिच्या बाजूला जरा जास्त ठेवा."

"लागतं तेवढंच घेतो, मास्तर. उरलेलं तुम्हाला लागणार आहे."

"माझं भागेल."

"आणि लिव्हर परत वाढतं," सर्जन म्हणाले. "दोघांचंही."

मुलीनं भिंतीकडे तोंड वळवलं. सर्जन गेले. नर्सनं गाऊनची मागची नाडी बांधली आणि स्ट्रेचर आणायला बाहेर गेली. शाई अजून ओली होती. ती पुसली जाऊ नये म्हणून मास्तर गाऊनची कड दोन्ही हातांनी वर धरून तसेच उभे राहिले.